कारखान्यातल्या कार्यशाळेचा प्रस्ताव कसा लिहावा

कंपनीच्या आवारात, कंपनीच्याच कर्मचाऱ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाला इन-हाउस कार्यशाळा म्हणतात. तिची गरज बहुतेक वेळा एखाद्या विभागाला जाणवते. उत्पादन विभागाला रिजेक्शन खुपत असते, विक्री विभागाला तक्रारी, लेखा विभागाला चुकीच्या नोंदी. मंजुरी मात्र मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखाकडून, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या एच.आर. हेडकडून, घ्यावी लागते. वर्षभराच्या प्रशिक्षणाचा पैसा आणि वेळापत्रक त्यांच्या हाती असते. मागणी करणाऱ्याला काम माहीत असते, मंजुरी देणाऱ्याला ते तपशिलात माहीत नसते. या दोघांमध्ये जो कागद जातो तो प्रस्ताव.

या कागदात चार गोष्टी अपेक्षित असतात : उद्दिष्टे, फलनिष्पत्ती, वेळापत्रक आणि अंदाजपत्रक. त्या चार स्वतंत्र रकान्यांसारख्या भरल्या की प्रस्ताव कच्चा राहतो. प्रत्यक्षात उद्दिष्टाच्या एका नेमक्या वाक्यातून बाकीच्या तीन गोष्टी निघतात. कोणाला काय करता आले पाहिजे हे ठरले, की किती तास लागतील ते ठरते, तासांवरून खर्च ठरतो आणि खर्चाच्या बदल्यात काय मिळायला हवे तेही ठरते. हे कसे घडते ते एका उदाहरणातून पाहता येईल. उदाहरण चाकण परिसरातल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याचे आहे. कारखाना आणि त्यातले आकडे समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत, मापनाचे नियम आणि हिशेबाची रीत खरी आहे.

आधी दुखणे, मग औषध

या कारखान्यात सीएनसी यंत्रांवर दुचाकीच्या गिअरबॉक्ससाठी 20 मिलिमीटर व्यासाचे शाफ्ट होतात. व्यासात एकूण 0.04 मिलिमीटर, म्हणजे 40 मायक्रॉन, इतकाच फरक चालतो. यंत्रावरचा ऑपरेटर ठरावीक अंतराने शाफ्ट मोजतो आणि नोंद करतो. पुढे वातानुकूलित खोलीत अंतिम तपासणी होते. अडचण अशी, की लाइनवर ‘ओके’ अशी नोंद झालेले शाफ्ट अंतिम तपासणीत नापास होत आहेत. महिन्याला असे 1,200 शाफ्ट निघतात.

अशा वेळी गुणवत्ता विभागाचा पहिला विचार ‘ऑपरेटरांना मोजमापाचे ट्रेनिंग द्या’ असा असतो. तो बरोबर असू शकतो, पण आधी तपासावा लागतो. प्रशिक्षणाचे अभ्यासक रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यासाठी एक सोपी कसोटी दिली आहे : जिवावरच बेतले तर त्या माणसाला ते काम जमेल का? जमत असेल, तर त्याला कौशल्याची कमतरता नाही. मग अडचण साधनात, वेळेत, सूचनेत किंवा पगाराच्या पद्धतीत शोधायची. जमत नसेल, तरच प्रशिक्षणाचा उपयोग आहे.

उदाहरणातल्या कारखान्यात ही तपासणी दोन टप्प्यांत झाली. पहिल्या टप्प्यात मायक्रोमीटरची नोंदवही पाहिली गेली. काही मायक्रोमीटरची कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली होती आणि 1,200 पैकी 300 शाफ्ट त्यांच्याच यंत्रांवरचे होते. हे 300 कार्यशाळेने सुधारणार नाहीत. माणूस कितीही नीट शिकवला तरी हातातले माप चुकीचे असेल, तर रीडिंग चुकणारच. म्हणून ते हिशेबातून बाजूला काढले गेले. उरले 900.

दुसऱ्या टप्प्यात तिघा ऑपरेटरांना तेच 10 शाफ्ट, तोच तपासलेला मायक्रोमीटर देऊन प्रत्येकी तीनदा मोजायला सांगितले गेले. या 90 रीडिंगच्या चाचणीला वाहन उद्योगात ‘गेज आर अँड आर’ म्हणतात. मोजण्याच्या पद्धतीमुळेच किती टक्के फरक पडतो ते तिच्यातून कळते. हा आकडा 10 टक्क्यांखाली असेल तर पद्धत चांगली, 10 ते 30 च्या दरम्यान असेल तर परिस्थिती पाहून चालवून घ्यायची आणि 30 च्या वर असेल तर निकामी, असा या उद्योगातला संकेत आहे. इथे तो 38 आला. गुणवत्ता अभियंत्याच्या हातात मात्र तोच मायक्रोमीटर पुन्हा पुन्हा जवळजवळ तेच रीडिंग देत होता. साधन ठीक आहे आणि हात वेगवेगळे पडतात, हे सिद्ध झाले.

हात कुठे चुकतो तेही पाहिले गेले. काही ऑपरेटर मायक्रोमीटरचे रॅचेट न वापरता थिंबल थेट आवळत होते. जास्त दाब पडला की रीडिंग खऱ्यापेक्षा कमी दिसते, त्यामुळे जाड शाफ्ट ‘ओके’ म्हणून पुढे जातो. काही जण यंत्रातून नुकताच काढलेला गरम शाफ्ट मोजत होते. लांबी मोजण्याचे प्रमाण तापमान जगभर 20 अंश सेल्सिअस मानलेले आहे. पोलाद तापले की फुगते. एक मीटर लांबीमागे दर अंशाला साधारण 11.5 मायक्रॉन इतके ते वाढते. 20 मिलिमीटरचा शाफ्ट 20 अंशांनी जास्त गरम असेल, तर त्याचा व्यास जवळजवळ 5 मायक्रॉनने मोठा दिसतो. चालणाऱ्या 40 मायक्रॉनपैकी आठवा हिस्सा इथेच संपतो. हाच शाफ्ट थंड झाल्यावर बारीक निघतो. जाड शाफ्ट घासून दुरुस्त करता येतो, बारीक झालेला भंगारात जातो.

या निरीक्षणामुळे प्रस्तावाचा पाया तयार झाला. 900 पैकी 600 शाफ्ट जाड निघतात आणि त्यांच्या रिवर्कला प्रत्येकी 35 रुपये लागतात, म्हणजे 21,000 रुपये. उरलेले 300 स्क्रॅप होतात आणि भंगाराची किंमत वजा जाता प्रत्येकी 180 रुपये बुडतात, म्हणजे 54,000 रुपये. महिन्याचे एकूण नुकसान 75,000 रुपये. एच.आर. प्रमुखाला मायक्रोमीटर हाताळता येत नसला तरी हा आकडा लगेच कळतो.

उद्दिष्टाचे वाक्य

प्रस्तावांमध्ये सर्वांत जास्त आढळणारे उद्दिष्ट असे असते : ‘कर्मचाऱ्यांमध्ये गुणवत्तेविषयी जाणीव निर्माण करणे.’ ते वाचायला बरे वाटते, पण कार्यशाळा संपल्यावर ते साध्य झाले की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. जाणीव निर्माण झाली हे कशावरून ओळखायचे? ‘समजून घेणे’, ‘महत्त्व पटणे’, ‘ओळख होणे’ या शब्दांचीही हीच अडचण आहे.

मेगर यांनी 1962 मधल्या आपल्या पुस्तकात उद्दिष्टाचे तीन भाग सांगितले. शिकणारा काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि कितपत अचूक करेल. या मापाने उदाहरणातले पहिले उद्दिष्ट असे लिहिले जाते : ‘कार्यशाळेच्या शेवटी प्रत्येक प्रशिक्षणार्थी डिजिटल मायक्रोमीटरचा शून्य तपासून 10 शाफ्टचे व्यास 15 मिनिटांत मोजेल. त्यांपैकी किमान 9 रीडिंग प्रमाण मापाच्या 4 मायक्रॉन वर-खाली या मर्यादेत असतील.’ प्रमाण माप म्हणजे त्याच शाफ्टचे मापनकक्षात काढून ठेवलेले माप. 4 मायक्रॉन ही मर्यादाही मनाने घेतलेली नाही. शाफ्टला चालणाऱ्या एकूण फरकाचा तो दहावा भाग आहे.

दुसरे उद्दिष्ट साधनाविषयी आहे : शिफ्ट सुरू होताना ऑपरेटर कॅलिब्रेशनचे लेबल आणि शून्य तपासेल, आणि शंका आल्यास तो मायक्रोमीटर लाल टॅग लावून बाजूला ठेवेल. तिसरे निर्णयाविषयी : रीडिंग मर्यादेच्या अगदी जवळ आले तर शाफ्ट पुसून, थंड करून पुन्हा मोजेल आणि तरीही शंका राहिली तर तो बाजूला ठेवून सुपरवायझरला कळवेल.

एका दिवसाच्या आसपासच्या कार्यशाळेला तीन उद्दिष्टे पुरतात. संवादकौशल्य, सुरक्षितता, फाइव्ह एस असे आणखी विषय ‘लोक जमलेच आहेत तर’ म्हणून जोडले, की सरावाचा वेळ जातो आणि उरते ते व्याख्यान. एखाद्या विषयाला यादीत जागा द्यावी की नाही हे ठरवायला एक प्रश्न पुरतो : तो नसेल तर वरचे 900 शाफ्ट कमी होणार नाहीत का? उत्तर ‘तरीही होतील’ असे असेल, तर तो विषय गाळावा.

उद्दिष्ट आणि फलनिष्पत्ती यांतला फरक

हे दोन शब्द प्रस्तावात बरेचदा एकाच अर्थाने वापरले जातात. उद्दिष्ट वर्गात पूर्ण होते, फलनिष्पत्ती कामावर दिसते. ऑपरेटरने परीक्षेत 9 रीडिंग बरोबर दिली, हे उद्दिष्ट. दोन महिन्यांनी रात्रपाळीत घाई असतानाही तो रॅचेट वापरतो आणि त्यामुळे रिवर्क घटते, ही फलनिष्पत्ती. पहिली गोष्ट झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही.

अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये लेखमाला लिहून प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या आणि त्या आजही सर्वत्र वापरल्या जातात. लोकांना प्रशिक्षण कसे वाटले, ते काय शिकले, कामावर वागणे बदलले का आणि संस्थेला त्यातून काय मिळाले, अशा त्या पायऱ्या. बहुतेक कंपन्यांत पहिल्याच पायरीवर, म्हणजे जेवणाच्या आधी भरून घेतलेल्या अभिप्राय-फॉर्मवर, काम थांबते. प्रशिक्षक आवडला एवढेच त्यातून कळते.

उदाहरणातल्या प्रस्तावात चारही पायऱ्यांना एकेक मोजता येणारी गोष्ट जोडली आहे. पहिल्या पायरीला चार प्रश्नांचा छोटा फॉर्म. दुसऱ्या पायरीला मापनाची तीच परीक्षा, सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. सुरुवातीची परीक्षा घेतली नाही तर शेवटच्या गुणांना अर्थ उरत नाही, कारण माणूस ते आधीच जाणत होता की इथे शिकला हे ठरवता येत नाही. तिसऱ्या पायरीला सुपरवायझरने आठवड्यातून एकदा, न सांगता, प्रत्येक ऑपरेटरचे एक मोजमाप पाहून पाच मुद्द्यांच्या कागदावर खूण करायची : लेबल, शून्य, शाफ्ट पुसला, शाफ्ट थंड होता, रॅचेट. हे आठ आठवडे चालते. चौथ्या पायरीला दोन आकडे. तीन महिन्यांच्या शेवटी ‘लाइनवर ओके, अंतिम तपासणीत नापास’ शाफ्ट 900 वरून 450 वर यावेत आणि गेज आर अँड आर 38 वरून 30 च्या खाली यावे.

900 वरून शून्यावर येण्याचे वचन दिलेले नाही. प्रस्ताव लिहिणाऱ्याला नुकसानीचा सगळा आकडा बचत म्हणून दाखवण्याचा मोह होतो. अनुभवी एच.आर. प्रमुख असा आकडा पाहिला की बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही. निम्म्या घटीचा दावा हिशेबात टिकतो आणि पुढे खराही ठरू शकतो.

आणखी एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवावी लागते. या तीन महिन्यांत जुने मायक्रोमीटर कॅलिब्रेट होऊन येतील, टूल बदलतील, कच्च्या मालाची नवी खेप येईल. मग घट कशामुळे झाली? यावर साधा उपाय म्हणजे सगळ्यांना एकदम न शिकवता दोन बॅच तीन आठवड्यांच्या अंतराने घेणे. त्या तीन आठवड्यांत पहिल्या बॅचच्या यंत्रांवर नापास शाफ्ट घटले आणि दुसऱ्या बॅचच्या यंत्रांवर घटले नाहीत, तर फरक प्रशिक्षणाचा मानायला आधार मिळतो. दोन्हीकडे सारखेच घटले, तर कारण दुसरीकडे शोधायचे.

वेळापत्रक : तास आणि शिफ्ट

एकूण 24 जणांना शिकवायचे आहे, 18 ऑपरेटर आणि 6 लाइन तपासनीस. बारा जणांची एक बॅच. हाताने करायच्या कामात बारापेक्षा जास्त लोक असतील, तर प्रशिक्षकाला प्रत्येकाचा हात पाहता येत नाही. प्रत्येक बॅचची चार तासांची दोन सत्रे, मध्ये एक आठवडा. सलग आठ तासांपेक्षा हे बरे, कारण मधल्या आठवड्यात लोक यंत्रावर तेच करून पाहतात आणि अडलेले प्रश्न घेऊन परत येतात.

पहिल्या सत्राचे चार तास असे वाटले जातात. पहिली 30 मिनिटे परीक्षा, काहीही न शिकवता. सहा संच असल्याने सहा जण शाफ्ट मोजतात, तोवर बाकीचे सहा लेखी प्रश्न सोडवतात, मग अदलाबदल. पुढच्या 20 मिनिटांत सर्वांची रीडिंग नावाशिवाय फळ्यावर मांडली जातात. एकाच शाफ्टची बारा वेगवेगळी मापे समोर दिसली, की पद्धत का हवी हे सांगत बसावे लागत नाही. 40 मिनिटे प्रात्यक्षिक. मग 15 मिनिटे चहा. नंतर 75 मिनिटे जोडीजोडीने सराव : एक मोजतो, दुसरा पाच मुद्द्यांच्या कागदावर खूण करतो. पुढची 30 मिनिटे तापमानाचा प्रयोग. यंत्रातून नुकताच आलेला शाफ्ट मोजायचा, थंड होऊ द्यायचा, पुन्हा मोजायचा आणि आकडा खाली येताना पाहायचा. शेवटची 30 मिनिटे प्रश्न आणि पुढच्या आठवड्याचे काम.

दुसऱ्या सत्रात 30 मिनिटे आठवड्याचा आढावा, 60 मिनिटे मर्यादेजवळच्या रीडिंगवर निर्णय घेण्याचा सराव, 15 मिनिटे चहा, 45 मिनिटे बिघडलेले मायक्रोमीटर ओळखण्याचा सराव, 60 मिनिटे कच्च्या राहिलेल्या बाबींचा सराव आणि 30 मिनिटे शेवटची परीक्षा. आठ तासांपैकी बराचसा वेळ हातात मायक्रोमीटर असतो. उद्दिष्टाचे क्रियापद ‘मोजेल’ असे आहे, म्हणून वेळही मोजण्यातच गेला पाहिजे.

खरी कसोटी लागते ती लोक कधी मोकळे करायचे यावर. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा वर्गात बसवले तर तो झोपेशी झगडत राहतो. शिफ्टनंतर थांबवायचे म्हटले तर कायद्याने रोजच्या तासांना मर्यादा आहे आणि जादा तासांचा मोबदला साध्या दराच्या दुप्पट द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक बॅच तिच्या पहिल्या पाळीच्या आठवड्यांत धरली आहे. निम्म्या लोकांची यंत्रे त्या वेळी ठरलेल्या देखभालीसाठी बंद ठेवायची, उरलेल्या यंत्रांवर राखीव ऑपरेटर उभे करायचे. महिन्याचा शेवटचा आठवडा टाळायचा, कारण डिस्पॅचच्या गडबडीत पहिली रद्द होणारी गोष्ट प्रशिक्षण असते. गणपती आणि दिवाळीच्या आगेमागेचे दिवसही टाळायचे. रजेवर गेलेल्यांमुळे बॅच अर्धी राहते आणि राखीव ऑपरेटरही मिळत नाहीत.

तारखांवर उत्पादन प्रमुखाची सही प्रस्ताव पाठवण्याआधीच घ्यावी. एच.आर. प्रमुख पैसे मंजूर करू शकतात, यंत्रावरचा माणूस सोडवून देणे त्यांच्या हातात नसते. ही सही नसलेला प्रस्ताव मंजूर होऊनही कित्येकदा कागदावरच राहतो. चाकणसारख्या भागात परराज्यांतले ऑपरेटरही असतात, त्यामुळे शिकवणे मराठीत की हिंदीत आणि यंत्राजवळ लावायचा तक्ता कोणत्या भाषेत, हेही आधीच लिहून ठेवावे.

अंदाजपत्रक : रोख खर्च आणि वेळेचा खर्च

पहिल्या सत्रासाठी मापनशास्त्राचा बाहेरचा प्रशिक्षक आणि दुसऱ्या सत्रासाठी कंपनीचाच गुणवत्ता अभियंता, अशी वाटणी केली आहे. त्यामुळे मानधन निम्म्यावर येते आणि शिकवण्याची जबाबदारी पुढेही घरातच राहते. रोख खर्च असा :

- प्रशिक्षकाचे मानधन, 2 सत्रे × 15,000 : 30,000 रुपये
- प्रशिक्षकाचा प्रवास, 2 × 2,000 : 4,000 रुपये
- नमुना शाफ्टचे संच तयार करून मोजून घेणे, 6 × 2,000 : 12,000 रुपये
- चहा-नाश्ता, 4 सत्रे × 14 जण × 100 : 5,600 रुपये
- खिशातली कार्डे आणि यंत्राजवळचे तक्ते : 2,400 रुपये
- बेरीज : 54,000 रुपये
- अनपेक्षित खर्चासाठी 10 टक्के : 5,400 रुपये
- एकूण रोख खर्च : 59,400 रुपये

मानधनावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,400 रुपये, वेगळा दाखवावा. कंपनीचा माल करपात्र असेल तर या कराचे क्रेडिट सहसा मिळते, म्हणून तो खरा खर्च ठरत नाही, पण बिल देताना तेवढी रक्कम हाताशी लागते. खाण्यापिण्यावरच्या कराचे क्रेडिट बहुतेक वेळा मिळत नाही, म्हणून तो दरातच धरावा. मानधनातून कापला जाणारा टीडीएस हा जादा खर्च नाही. तो प्रशिक्षकाच्याच रकमेतून जातो.

दुसरा भाग वेळेचा. 24 जणांचे प्रत्येकी 8 तास म्हणजे 192 तास. कंपनीला एका तासाचा खर्च 150 रुपये पडतो असे धरले, तर 28,800 रुपये. अभियंत्याचे तयारीसह 24 तास, 300 रुपयांच्या दराने, 7,200 रुपये. एकूण 36,000. हा पैसा पगारातून आधीच जात असल्याने पुष्कळ प्रस्तावांत तो दाखवतच नाहीत. पण त्या तासांत उत्पादन होत नाही, म्हणून तो खर्चच आहे. राखीव ऑपरेटर पटावरचेच असतील, तर त्यांचा पगार यात पुन्हा मिळवू नये. प्रशिक्षणार्थीचा तास आणि त्याच्या जागी उभ्या राहिलेल्याचा तास हे दोन्ही धरले, तर एकच तास दोनदा मोजला जातो. बदली माणूस बाहेरून आणला असेल, तरच त्याची मजुरी रोख खर्चात जाते.

रोख आणि वेळ मिळून कार्यशाळेचा खरा खर्च 95,400 रुपये, म्हणजे माणशी 3,975 रुपये. नुकसान निम्मे झाले तर महिन्याला 37,500 रुपये वाचतात आणि अडीच महिन्यांहून थोड्या अधिक काळात खर्च भरून निघतो. यापेक्षाही उपयोगी आकडा उलट बाजूने निघतो. सहा महिन्यांत खर्च भरून यायचा असेल, तर महिन्याला 15,900 रुपये वाचले पाहिजेत. ते आजच्या नुकसानीच्या सुमारे 21 टक्के आहेत. ‘निम्मी घट होईल’ यावर वाद होऊ शकतो. ‘पाचवा भाग घटला तरी तोटा नाही’ हे पटवायला फार बोलावे लागत नाही.

कागदाची मांडणी

एवढे सगळे काम झाल्यावर प्रस्ताव दोन पानांत मावतो. पहिल्याच परिच्छेदात मागणी, कारण, रक्कम आणि तारीख यावी, कारण एच.आर. प्रमुखासमोर असे अनेक कागद असतात. उदाहरणातली सुरुवात अशी असेल :

‘मा. मनुष्यबळ विभाग प्रमुख यांस, लाइनवर पास झालेले दरमहा 900 शाफ्ट अंतिम तपासणीत नापास होत आहेत आणि त्यामुळे दरमहा 75,000 रुपयांचे नुकसान होत आहे. साधने तपासल्यानंतर हा दोष मोजण्याच्या पद्धतीत असल्याचे आढळले. त्यासाठी 24 जणांची, प्रत्येकी आठ तासांची कार्यशाळा दोन बॅचमध्ये घ्यावी अशी विनंती आहे. रोख खर्च 59,400 रुपये आहे. तारखांना उत्पादन प्रमुखांची संमती सोबत जोडली आहे. पुढील महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली बॅच सुरू करायची असल्याने या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत मंजुरी मिळावी.’

यानंतर क्रमाने चाचणीचे निष्कर्ष, उद्दिष्टे, फलनिष्पत्ती आणि ती मोजायची रीत, वेळापत्रक, अंदाजपत्रक आणि शेवटी जबाबदाऱ्या : कोण शिकवणार, कोण हजेरी ठेवणार, कोण आठ आठवडे निरीक्षण करणार, अहवाल कधी येणार. कार्यशाळेने काय सुटणार नाही हेही दोन ओळींत लिहावे. इथे त्या ओळी मुदत संपलेल्या मायक्रोमीटरविषयी असतील. ते काम वेगळे आणि आधी व्हायला हवे.

एच.आर. प्रमुखाची स्वतःची गरजही असते. आयएसओ 9001:2015 या प्रमाणपत्राच्या 7.2 क्रमांकाच्या कलमात कर्मचाऱ्यांची पात्रता ठरवणे, ती मिळवण्यासाठी केलेल्या उपायांचा परिणाम तपासणे आणि त्याचा पुरावा जपणे अपेक्षित आहे. ऑडिटच्या वेळी हजेरीपत्रक सगळ्यांकडे असते, परिणामाचा पुरावा थोड्यांकडेच. आधीच्या आणि नंतरच्या परीक्षेचे गुण आणि आठ आठवड्यांचे निरीक्षणाचे कागद हा तो पुरावा आहे. ते मनुष्यबळ विभागाच्या स्किल मॅट्रिक्समध्ये नोंदवले जातील, असे प्रस्तावात म्हटले की त्या विभागाचेही एक काम होते.

वेळेलाही महत्त्व आहे. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे पुढच्या वर्षाचे प्रशिक्षणाचे वेळापत्रक आणि तरतूद जानेवारी ते मार्चच्या दरम्यान ठरवण्याची अनेक कंपन्यांत रीत आहे. त्या काळात आलेल्या प्रस्तावाला नव्या तरतुदीत जागा मिळते. वर्षाच्या मध्ये आलेल्या प्रस्तावाला न वापरलेल्या रकमेतून किंवा मागणी करणाऱ्या विभागाच्या खात्यातून पैसे शोधावे लागतात. कोणत्या खात्यातून खर्च घालावा हे सुचवून ठेवले, तर निर्णय लवकर होतो. पूर्ण रक्कम मिळत नसेल, तर पहिली बॅच आधी घेऊन तिचे आकडे दाखवायचे आणि मग दुसरी मागायची, हा मार्ग खुला असतो. मात्र खर्च अगदी निम्मा होईल असे समजू नये. नमुना शाफ्टचे संच तेवढेच लागतात.

प्रस्ताव नाकारला जाण्याची कारणेही ठरावीक आहेत. नुकसानीचा आकडा नाही, उद्दिष्ट मोजता येत नाही, तारखांना उत्पादन विभागाची संमती नाही किंवा बचतीचा दावा फुगलेला आहे. यांतले पहिले कारण बाकी सगळ्यांच्या मुळाशी असते. नुकसान मोजलेले नसले की उद्दिष्ट ढोबळ होते आणि ढोबळ उद्दिष्टाला किती तास व किती पैसे द्यावेत हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून ज्याला कार्यशाळा हवी आहे त्याने प्रशिक्षकाला फोन करण्याआधी आपल्या विभागाची तीन महिन्यांची नोंदवही उघडावी.